कोटेशनचा मेसेज: रेट किती, कधीपर्यंत आणि पुढे काय?

घराचे बांधकाम प्लॅस्टरपर्यंत आले की खिडक्यांचा विषय निघतो. ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या करणारे दोन-तीन फॅब्रिकेटर येऊन जागा बघून जातात. जाताना प्रत्येक जण म्हणतो, ‘कोटेशन व्हॉट्सॲपवर टाकतो.’ संध्याकाळी मेसेज येतो: ‘600 रु. स्क्वे. फूट. कळवा.’ घरमालक तो वाचतो, बायकोला दाखवतो, मुलाला फॉरवर्ड करतो. महिन्याभराने ग्रॅनाइटच्या चौकटी बसल्या की फोन लावतो आणि ऐकतो, ‘साहेब, आता 640 पडतील.’ त्या क्षणापासून दोघांनाही समोरचा आपल्याला फसवतोय असे वाटू लागते.

खरे पाहता इथे कोणी खोटे बोललेले नसते. 600 हा रेट त्या दिवशी खराच होता. तो किती दिवस खरा राहणार होता आणि तो पकडून ठेवण्यासाठी कोणी काय करायचे होते, हे मेसेजमध्ये आले नव्हते. कोटेशनचा मेसेज म्हणजे रेट, मुदत आणि पुढची पायरी. या तिघांतले एक जरी गळाले तरी उरलेल्या दोघांना फारसा अर्थ राहत नाही. खिडक्यांचेच एक काम घेऊन हे तपशिलात पाहू.

मेसेज कसा असावा

समजा, घरात चार खिडक्या आहेत. हॉलची 6 फूट बाय 4 फूट, दोन बेडरूमच्या 5 बाय 4 आणि स्वयंपाकघराची 4 बाय 3. क्षेत्रफळ अनुक्रमे 24, 40 आणि 12, म्हणजे एकूण 76 स्क्वेअर फूट. रेट 600 रुपये धरला तर 45,600 रुपये होतात. त्यावर 18 टक्के जीएसटीचे 8,208 रुपये. एकूण 53,808. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुमच्या गावातला रेट वेगळा असेल. फॅब्रिकेटरने सविस्तर कोटेशनची पीडीएफ बनवली आहे आणि तिच्यासोबत हा मेसेज पाठवला आहे:

*नमस्कार सर. तुमच्या घराच्या 4 खिडक्यांचे कोटेशन (नं. 41, ता. 7 मार्च 2026).*
*रक्कम: अंदाजे 53,808 रु., जीएसटी धरून.*
*मुदत: हा रेट शनिवार, 14 मार्च, संध्याकाळी 6 पर्यंत.*
*पुढची पायरी: मंगळवारी, 10 मार्चला सकाळी 11 वाजता पक्के माप घ्यायला येऊ का? ‘हो’ एवढे कळवा.*

*हिशेब: 76 स्क्वे. फूट × 600 = 45,600 + जीएसटी 8,208.*
*काम: स्लायडिंग, 3 ट्रॅक (2 काचा, 1 मच्छरजाळी), पांढरे पावडर कोटिंग, 5 एमएम साधी काच.*
*यात धरले आहे: वाहतूक, फिटिंग, सिलिकॉन. धरलेले नाही: ग्रिल, ग्रॅनाइट, बाथरूमचे लूव्हर.*
*पक्के माप झाले की त्याच दिवशी अंतिम रक्कम कळवतो. त्यावर तुमचे ‘ऑर्डर मान्य’ आणि 50 टक्के ॲडव्हान्स 14 तारखेच्या आत आले की ऑर्डर पक्की.*

मेसेजचा क्रम मुद्दाम असा ठेवला आहे. लांब मेसेज व्हॉट्सॲप पूर्ण दाखवत नाही, खालचा भाग दुमडून ठेवतो आणि बरेच लोक तो उघडतही नाहीत. म्हणून रक्कम, मुदत आणि पुढची पायरी या तिन्ही गोष्टी वरच्या चार ओळींत आल्या आहेत. हिशेब आणि कामाचा तपशील त्यांच्याखाली आहे. पीडीएफ कोणी उघडेल, कोणी उघडणार नाही. मेसेजमधल्या चार ओळी मात्र सगळे वाचतात. पीडीएफवरचा नंबर मेसेजमध्येही असला की कोणते कोटेशन कोणत्या मेसेजचे, हे पुढे शोधत बसावे लागत नाही. मेसेजमधला आकडा आणि पीडीएफमधला आकडा एकच आहे ना, हे पाठवण्याआधी एकदा ताडून पाहावे. पीडीएफ जीएसटी वगळून आणि मेसेज जीएसटी धरून, असा घोळ नेहमी होतो.

मुदत कशाची? रेटची की रकमेची?

या मेसेजमध्ये 53,808 ला ‘अंदाजे’ म्हटले आहे आणि रेट मात्र 14 तारखेपर्यंत कायम ठेवला आहे. हा फरक नीट समजून घ्यायला हवा, कारण खिडक्यांच्या कामातले निम्मे वाद इथेच सुरू होतात.

पहिले माप घेतले जाते तेव्हा खिडकीचा गाळा नुसता प्लॅस्टर केलेला असतो. पुढे त्याला चारही बाजूंनी ग्रॅनाइटची चौकट बसते. ग्रॅनाइटची जाडी साधारण पाऊण इंच असते. डावीकडून पाऊण आणि उजवीकडून पाऊण, म्हणजे रुंदी दीड इंचाने कमी होते. उंचीही तेवढीच घटते. त्यामुळे 5 बाय 4 ची खिडकी प्रत्यक्षात 4 फूट साडेदहा इंच बाय 3 फूट साडेदहा इंच उरते. 20 स्क्वेअर फुटांऐवजी जेमतेम 18.9. एका खिडकीमागे 600 च्या रेटने साधारण 665 रुपयांचा फरक पडतो, जीएसटी वेगळा. या उदाहरणात फरक ग्राहकाच्या फायद्याचा आहे. उलटही घडते. गवंडी गाळा मोठा सोडतो, किंवा घरमालक ऐनवेळी हॉलची खिडकी फूटभर वाढवतो, आणि रक्कम वर जाते.

म्हणून मुदत रेटला लावायची. रक्कम ठरेल ती पक्क्या मापावर. मेसेजमध्ये ही गोष्ट एका ओळीत आली पाहिजे. ती आली नाही तर ग्राहकाच्या डोक्यात 53,808 हा आकडा पक्का बसतो, आणि बिल 55 हजारांचे आले की त्याला दगा झाल्यासारखे वाटते.

सातच दिवस का?

ग्राहकाला मुदत म्हणजे घाई करण्याची युक्ती वाटते. काही ठिकाणी तशी ती असतेही. पण खिडक्यांच्या धंद्यात तिला खरे कारण आहे. ॲल्युमिनियमचे भाव लंडन मेटल एक्स्चेंजच्या भावावर आणि डॉलरच्या दरावर हलतात. कंपन्या त्यानुसार आपले दर बदलतात, आणि ज्या डीलरकडून फॅब्रिकेटर माल उचलतो तो डीलर सेक्शन किलोवर विकतो. छोटा फॅब्रिकेटर माल भरून ठेवत नाही. तुमचा ॲडव्हान्स आला की त्या पैशांतून तुमच्या खिडक्यांचा सेक्शन घेतो. समजा, या कामाला 80 किलो सेक्शन लागतो आणि किलोमागे 15 रुपये वाढले. त्याचे 1,200 रुपये जास्त गेले, आणि ते त्याच्या मजुरीतून गेले.

यावरून मुदत कशी ठरवायची तेही कळते. आपला डीलर आजचा भाव आपल्याला किती दिवस देतो, हे आधी त्याला विचारावे आणि ग्राहकाला त्यापेक्षा एखादा दिवस कमीच सांगावा. डीलर दहा दिवस भाव धरत असेल तर सात-आठ दिवसांची मुदत सुरक्षित आहे. सगळे करतात म्हणून 30 दिवस लिहिणारा फॅब्रिकेटर तीन आठवडे अंगावर जोखीम घेऊन फिरतो. आणि मुदतीचे कारण ग्राहकाला सांगायला काहीच हरकत नाही. ‘सेक्शनचा भाव बदलतो म्हणून’ एवढे लिहिले तरी ती दडपण आणण्याची चाल वाटत नाही.

मुदत दिवसांत न लिहिता तारखेत लिहावी. ‘7 दिवस व्हॅलिड’ असे लिहिले तर मोजायचे कुठून? मेसेज पाठवला त्या दिवसापासून, वाचला त्या दिवसापासून, की मुलाशी बोलणे झाले तेव्हापासून? रविवार धरायचा की सोडायचा? ‘शनिवार, 14 मार्च, संध्याकाळी 6 पर्यंत’ यात यातला एकही प्रश्न उरत नाही. वारही लिहावा. तारखेत चूक झालेली असेल तर वार आणि तारीख जुळत नाहीत आणि ती लगेच लक्षात येते.

त्या तारखेपर्यंत नेमके काय यायला हवे, हेही सांगावे लागते. ग्राहकाचा नुसता होकार आला आणि ॲडव्हान्स महिन्याने आला, तर माल महिन्यानंतरच्या भावानेच घ्यावा लागतो. म्हणून मेसेजमध्ये मान्यता आणि ॲडव्हान्स या दोन्ही गोष्टी एकाच मुदतीत मागितल्या आहेत.

कायदा काय म्हणतो

भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे, पण व्हॉट्सॲपवरच्या कोटेशनलाही तो लागू होतो. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम 10अ नुसार, करार इलेक्ट्रॉनिक माध्यमातून झाला एवढ्याच कारणाने तो अमान्य ठरत नाही. करार कायद्याच्या कलम 6 मध्ये म्हटले आहे की, प्रस्तावात स्वीकारासाठी मुदत दिली असेल तर ती संपताच प्रस्ताव संपतो. मुदत दिलीच नसेल तर ‘वाजवी काळ’ उलटल्यावर संपतो. हा वाजवी काळ किती, यावरच सगळे भांडण. मुदत लिहिली की ते भांडण मिटते.

कलम 7 मधली गोष्ट ग्राहकांनी लक्षात ठेवावी. स्वीकार बिनशर्त असावा लागतो. ‘मान्य, पण 50 हजारांत बसवा’ हा कायद्याने स्वीकार ठरत नाही. ती ग्राहकाकडून आलेली नवी मागणी होते आणि फॅब्रिकेटर तिने बांधला जात नाही. त्यामुळे घासाघीस करायची असेल तर जरूर करावी, पण आधीचा रेट आपल्यासाठी राखून ठेवला आहे असे गृहीत धरू नये. फॅब्रिकेटरनेही अशा मेसेजला ‘बघू’ असे उत्तर देऊ नये. 50 हजारांत जमत असेल तर नव्या नंबरचे कोटेशन नव्या तारखेसह पाठवावे. जमत नसेल तर ‘41 नंबरचाच रेट, 14 तारखेपर्यंत’ असे स्पष्ट कळवावे.

नुसती किंमत सांगणे आणि प्रस्ताव देणे यांत किती अंतर आहे, ते सर्वोच्च न्यायालयाच्या 1951 च्या एका निकालातून दिसते. कुर्गमधल्या मडिकेरी इथल्या एका बंगल्याच्या विक्रीचे ते प्रकरण होते. दहा हजार रुपयांपेक्षा कमी घेणार नाही, अशी तार मालकाने केली. खरेदीदाराने दहा हजार मान्य केले आणि करार झाला असे धरून चालला. न्यायालयाने तसे मानले नाही. मालकाने फक्त आपली किमान अपेक्षा सांगितली होती, तो बोलणी पुढे नेण्याचा भाग होता, असे न्यायालयाचे म्हणणे पडले. ‘600 रु. स्क्वे. फूट. कळवा.’ हा मेसेजही त्याच जातीचा आहे. त्याच्या जोरावर ग्राहक फारसे काही मागू शकत नाही. उलट कामाचे वर्णन, मुदत आणि स्वीकाराची रीत लिहिलेला मेसेज प्रस्तावाच्या खूप जवळ जातो. म्हणून तो पाठवणाऱ्याने आकडे दोनदा तपासूनच पाठवावेत.

‘हो’ म्हणजे कशाला हो?

‘कळवा’ या शब्दात पुढची पायरी नसते. काय कळवायचे, कधी, आणि कळवल्यावर काय होणार, यातले काहीच त्यात नाही. पुढची पायरी एकच असावी आणि तिला एका शब्दात उत्तर देता यावे. आपल्या मेसेजमध्ये ती पक्क्या मापाची भेट आहे. दिवस आणि वेळ फॅब्रिकेटरनेच सुचवली आहे. ग्राहकाला फक्त ‘हो’ म्हणायचे आहे, किंवा ‘11 ऐवजी 4 ला या’. किंवा तो लिहील, ‘ग्रॅनाइट अजून बसले नाही’. हे तिसरे उत्तर सगळ्यांत मोलाचे. चौकट बसण्याआधी घेतलेले माप पक्के नसतेच. त्यामुळे भेट पुढे ढकलावी आणि मुदतीचे काय करायचे ते त्याच वेळी ठरवून टाकावे.

भेटीला दिलेला ‘हो’ आणि ऑर्डरला दिलेली मान्यता मात्र वेगवेगळ्या शब्दांत मागावी. म्हणून मेसेजमध्ये भेटीसाठी ‘हो’ आणि ऑर्डरसाठी ‘ऑर्डर मान्य’ असे वेगळे शब्द आहेत. दोन्हीला ‘ओके’ चालेल असे ठेवले, तर माप घ्यायला येऊ द्या एवढाच ज्याचा अर्थ होता, त्या माणसाच्या दारात खिडक्या येऊन पडू शकतात.

अंगठ्याच्या इमोजीबाबत तर जास्तच जपावे. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात एका धान्य खरेदीदाराने जवसाच्या कराराचा फोटो फोनवर पाठवून शेतकऱ्याला मान्यता मागितली. शेतकऱ्याने उत्तरादाखल वर केलेला अंगठा पाठवला. करार पोहोचला एवढेच मला सांगायचे होते, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने 2023 मध्ये तो अंगठा स्वीकार मानला, कारण त्या दोघांचे आधीचे व्यवहारही अशाच छोट्या उत्तरांवर झाले होते. शेतकऱ्याला सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यावी लागली. निकाल तिथला आहे, आपल्याकडे तो बंधनकारक नाही. पण तसा प्रसंग आपल्या कोणत्याही व्हॉट्सॲप चॅटवर घडू शकतो. अंगठा आला तर फॅब्रिकेटरने लगेच विचारावे, ‘सर, ऑर्डर मान्य समजू का?’ आणि शब्दांत उत्तर येईपर्यंत माल उचलू नये.

तीन कोटेशन शेजारी ठेवताना

ग्राहकाकडे असे दोन-तीन मेसेज जमले की तो आधी रेट बघतो. एकाचा 600, दुसऱ्याचा 680. पहिला स्वस्त वाटतो. पण पहिल्याचा रेट जीएसटी वेगळा धरून आहे आणि दुसऱ्याचा सगळे धरून. 600 वर 18 टक्के चढवले की 708 होतात. 76 स्क्वेअर फुटांना पहिला 53,808 रुपये घेईल, दुसरा 51,680. महाग वाटलेला दुसरा दोन हजारांनी स्वस्त निघाला.

तेवढ्यावरही निकाल लावू नये. दुसऱ्याने 2 ट्रॅकची खिडकी धरली आहे का? तसे असेल तर जाळीचे शटर नाही, म्हणजे डास आत. काच 5 एमएमची आहे की 4 ची? सेक्शनची जाडी किती? जुन्या लाकडी खिडक्या काढायच्या असतील तर ते काम कोणी करायचे? ‘धरलेले नाही’ ही ओळ ज्याच्या मेसेजमध्ये आहे, त्याने ग्राहकाचे हे प्रश्न आधीच कमी केलेले असतात. ज्याच्या मेसेजमध्ये ती नाही, त्याला ग्राहकानेच लिहून विचारावे आणि उत्तरही लिहूनच घ्यावे. फोनवर झालेले बोलणे दोन महिन्यांनी दोघांनाही वेगवेगळे आठवते.

तिन्ही मुदतींच्या तारखाही एका कागदावर लिहून ठेवाव्यात. सगळ्यांत आधी संपणारी तारीख हीच तुमच्या निर्णयाची खरी तारीख. तिसरे कोटेशन येईपर्यंत पहिल्याची मुदत संपली असेल, तर तुलनेतला पहिला आकडा आता उपयोगाचा नाही.

रेट बदलला, मुदत संपली, तर

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो. आकडा दुरुस्त करायला ही सोय वापरू नये. ग्राहकाने जुना आकडा वाचलेला असतो, कदाचित फॉरवर्डही केलेला असतो, आणि फॉरवर्ड झालेली प्रत बदलत नाही. नवा मेसेज पाठवावा, त्याला नवा नंबर द्यावा आणि ‘नं. 41 रद्द, हे नं. 41-अ ग्राह्य’ असे पहिल्याच ओळीत लिहावे. चॅटवर मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर ती बंद करून घ्यावी. नाहीतर काम चालू असतानाच त्याचा पुरावा निघून जाईल.

मुदत संपायच्या आदल्या दिवशी एकच आठवण पाठवावी. तिच्यात नवा आग्रह नको, तीच तारीख आणि तीच पायरी: ‘सर, नं. 41 चा रेट उद्या, शनिवारी संध्याकाळी 6 पर्यंत आहे. ऑर्डर द्यायची असेल तर उद्यापर्यंत कळवा. नसेल तरी हरकत नाही, तसे कळवले तर मी माल बुक करत नाही.’ या शेवटच्या वाक्याने नकार देणे सोपे होते. संकोचाने गप्प बसणारे बरेच ग्राहक त्यावर उत्तर देतात, आणि फॅब्रिकेटरला पुढच्या आठवड्याची कामे लावता येतात.

शनिवारी संध्याकाळपर्यंत काहीच आले नाही, तर सोमवारी आणखी एक मेसेज: ‘नं. 41 ची मुदत शनिवारी संपली. माप आणि काम आहे तेच राहील, फक्त रेट त्या दिवशीचा लागेल. ग्रॅनाइट बसले की कळवा, मी माप घ्यायला येतो आणि त्याच दिवशी नवा रेट लिहून देतो.’ ज्याला हा मेसेज मिळाला, तो महिन्याने फोन करताना 600 ची अपेक्षा ठेवत नाही. त्या दिवशी त्याला 640 सांगितले, तर तो घासाघीस करील, पण शब्द फिरवला असे म्हणणार नाही.